बघ्यांचे चेहरे: ब्लर करावेत की बदलावेत?

प्रश्न: आम्ही काही मित्र मिळून भाजी मंडईतल्या विक्रेत्यांवर माहितीपट करतोय. विक्रेत्यांची लेखी संमती आहे, पण मागून येणाऱ्या-जाणाऱ्यांची घेणं शक्य नव्हतं. सगळ्यांना ब्लर केलं तर फ्रेमभर डाग दिसतात आणि साधी गिऱ्हाइकं आरोपी वाटायला लागतात. त्यापेक्षा एआयने तयार केलेले, कुणाचेच नसलेले चेहरे त्यांच्यावर बसवले तर चालेल का? प्रेक्षकांना ते सांगावं लागेल का? एका प्रसंगात अतिक्रमण विभागाची माणसं हातगाडी उचलतात, तिथेही बघ्यांची गर्दी आहे.

उत्तर: मंडईच्या रोजच्या दृश्यांत चालेल, पण काम नीट तपासून आणि प्रेक्षकांना सांगून. हातगाडीच्या प्रसंगात मात्र एकाही बघ्याचा चेहरा बदलू नका. एकाच माहितीपटात दोन वेगळे नियम का, हे कळलं की बाकीचे निर्णय तुम्हाला स्वतःच घेता येतील.

ब्लर दिसायला वाईट आहे हे मान्य. बातम्यांमध्ये आपण चेहरा ब्लर केलेला पाहतो तो बहुतेक वेळा आरोपीचा किंवा पीडितेचा असतो, त्यामुळे कोथिंबिरीची जुडी निवडणाऱ्या बाईचा चेहरा पुसट दिसला की प्रेक्षकाच्या मनात नको ती शंका येतेच. पण ब्लर प्रेक्षकापासून काही लपवत नाही. इथे एक माणूस होता आणि त्याचा चेहरा आम्ही झाकलाय, हे तो उघड सांगतो. बदललेला चेहरा मात्र झाकल्याचंही झाकतो. त्या जागी प्रेक्षकाला एक धडधाकट माणूस दिसतो, जो तिथे कधीच नव्हता. माणूस फक्त गर्दीचा भाग असेल तर यात कुणाचं फारसं बिघडत नाही. पण समोर काहीतरी घडतंय आणि तो माणूस ते पाहतोय, अशी स्थिती असेल तर तुम्ही खोटा साक्षीदार उभा केलेला असतो. सगळा फरक इथे आहे.

ब्लर सुरक्षित आहे म्हणून तोच बरा, असंही मी म्हणणार नाही. २००७ मध्ये इंटरपोलने एका गुन्हेगाराचा चेहरा जाहीर केला होता. त्याने स्वतःच्या छायाचित्रांत तो भोवऱ्यासारखा फिरवून विकृत केला होता. जर्मन पोलिसांच्या तज्ज्ञांनी तो भोवरा उलटा फिरवला आणि चेहरा परत मिळवला. काही दिवसांतच त्या माणसाला थायलंडमध्ये अटक झाली. ब्लर इतका सहज उलटवता येत नाही, पण त्याला उलटवायची गरजही पडत नाही. २०१६ मध्ये टेक्सस विद्यापीठ आणि कॉर्नेल टेक इथल्या संशोधकांनी साध्या न्यूरल नेटवर्कला ब्लर केलेले आणि चौकटी-चौकटींचे केलेले चेहरे शिकवले आणि ती माणसं कोण हे त्याच्याकडून ओळखून घेतलं. मूळ चेहरा त्यांनी परत मिळवला नव्हता. माहीत असलेल्या माणसांच्या यादीतला हा कोण, एवढंच ओळखलं होतं. पण तुमच्या मंडईच्या बाबतीत धोका नेमका हाच आहे, कारण तिथे येणाऱ्यांची यादी म्हणजे आसपासच्या चार वाड्या-वस्त्यांतली माणसं, आणि त्यांचे फोटो समाजमाध्यमांवर आहेतच.

म्हणून ब्लर करायचाच तर आधी पुसा, मग ब्लर करा. चेहऱ्याच्या भागावर एकाच सपाट रंगाचा थर द्या, साधारण त्वचेच्या सरासरी रंगाचा, आणि मग त्याच्या फक्त कडा मऊ करा. खाली काही शिल्लकच नसतं, त्यामुळे शोधायलाही काही उरत नाही. दिसायलाही हे त्या जुनाट चौकटींपेक्षा शांत दिसतं. डोळ्यात खुपणाऱ्या डागांची तुमची अर्धी तक्रार एवढ्यानेच मिटेल असं मला वाटतं. आधी हे एका दृश्यावर करून पाहा.

आता चेहरे बदलण्याकडे येऊ. बाजारात या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिळतात आणि त्यांत गल्लत झाली तर पुढचं सगळं चुकतं.

पहिल्या पद्धतीत मूळ चेहरा आधी पूर्ण कापून टाकतात आणि त्या रिकाम्या जागेत यंत्राकडून नवा चेहरा भरून घेतात. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या विद्यापीठातून २०१९ मध्ये आलेलं डीपप्रायव्हसी हे याचं चांगलं उदाहरण. चेहरा तयार करणाऱ्या मॉडेलला मूळ चेहरा दिसतच नाही. त्याला आजूबाजूचं चित्र मिळतं आणि डोळे, कान, नाक, खांदे कुठे आहेत एवढे सात बिंदू मिळतात. मूळ चेहऱ्याची त्वचा, ओठ, सुरकुत्या यांतलं काहीच आत गेलेलं नसल्यामुळे काहीच बाहेर येऊ शकत नाही. खासगीपणाच्या दृष्टीने ही पद्धत भक्कम आहे. पण याचाच दुसरा अर्थ असा, की चेहऱ्यावरचे भाव यंत्राने मनाने भरलेले असतात. बाई रागाने पाहत होती की कंटाळून, हे मॉडेलला माहीत नाही. ते आपल्याला वाटेल तो चेहरा काढतं, आणि शिकताना त्याने पाहिलेल्या चेहऱ्यांत हसरे फोटो भरपूर असल्यामुळे बऱ्याचदा हलकं हसू काढतं.

दुसरी पद्धत म्हणजे लोक ज्याला फेस स्वॅप म्हणतात ती. इथे मॉडेल मूळ चेहरा पाहतं, त्यातली ओळख बाजूला काढायचा प्रयत्न करतं आणि भाव, नजर, ओठांची हालचाल नव्या चेहऱ्यावर उतरवतं. राग रागच राहतो. पण मूळ चेहरा आत गेलेला असतो, आणि ओळख व भाव यांच्यामध्ये स्वच्छ रेघ मारता येत नाही. एखाद्याचं तिरकस हसणं हीच त्याची ओळख असते. जितके भाव राखाल तितका मूळ माणूस थोडा थोडा झिरपतो. जितकं झिरपणं बंद कराल तितके भाव खोटे होतात. मला आजवर यातून सुटका करणारं साधन मिळालेलं नाही, आणि ते मिळेल असं वाटतही नाही, कारण अडचण साधनाची नाही, चेहऱ्याचीच आहे.

तुमच्या मंडईच्या रोजच्या दृश्यांसाठी पहिली पद्धत घ्या. तिथे बघ्याचे भाव महत्त्वाचे नाहीत. तो गर्दीचा भाग आहे आणि त्याचं खासगीपण जपणं एवढंच काम आहे.

एक दृश्य घेऊन पाहू. मावशी वजनकाट्यावर टोमॅटो तोलताहेत, मागून माणसं जाताहेत. सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रणात मागून जाणारा एक माणूस तीन सेकंद दिसतो, म्हणजे ७५ फ्रेम. चेहरा शोधणारं सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम वेगवेगळी पाहतं. समजा ते उत्तम आहे आणि शंभरात एकदाच चुकतं. तरीसुद्धा ७५ फ्रेममध्ये निदान एकदा तरी मूळ चेहरा उघडा राहण्याची शक्यता अर्ध्याहून जास्त निघते. प्रत्यक्षात चुका अशा समान विखुरलेल्या नसतात. माणूस मान वळवतो, समोरून कुणी डोक्यावर पाटी घेऊन जातो, चेहऱ्यावर पत्र्याच्या फटीतलं ऊन पडतं, नेमकं तेव्हाच सॉफ्टवेअरला चेहरा दिसत नाही, आणि चुका अशा ठिकाणी दाटीने येतात. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. चालत्या चित्रात तो डोळ्याला जाणवतही नाही, पण व्हिडिओ थांबवणाऱ्याला तेवढा पुरतो. आणि इथे बदललेल्या चेहऱ्याचा एक खास तोटा आहे. ब्लर एक फ्रेम निसटला तर तपासताना लुकलुक दिसते. खरा चेहरा दोन खोट्या चेहऱ्यांच्या मध्ये एक फ्रेम आला तर तो चेहऱ्यांमध्येच मिसळून जातो आणि तपासणाऱ्याच्याही नजरेतून सुटतो.

यावर उपाय असा, की चेहरे फ्रेमनिहाय न बदलता माणूसनिहाय बदला. आधी प्रत्येक माणसाचा मागोवा घ्या. तो फ्रेममध्ये येतो तिथपासून जातो तिथपर्यंत एकच धागा, आणि मधे सॉफ्टवेअरला चेहरा दिसला नाही तरी आधीच्या व नंतरच्या जागेवरून मधली जागा भरा. हा मागोवा एकदा पुढून आणि एकदा व्हिडिओ उलटा चालवून घ्या, कारण फ्रेममध्ये शिरतानाचा अर्धा चेहरा उलट्या फेरीत जास्त चांगला सापडतो. धाग्याच्या दोन्ही टोकांना आठ-दहा फ्रेम जादा झाका. एका धाग्याला एकच नवा चेहरा द्या, नाहीतर तो माणूस दर फ्रेमला वेगळा दिसून चेहरा उकळल्यासारखा हलेल. आणि जिथे मॉडेलला चेहरा नीट जमत नाही, म्हणजे पूर्ण बाजूचा चेहरा, तोंडावर हात, फार जवळून आलेला चेहरा, तिथे हट्ट करू नका. तिथे वर सांगितलेला सपाट थर द्या. एका दृश्यात दोन्ही आले तरी बिघडत नाही.

हे झाल्यावर तपासणी. ज्या सॉफ्टवेअरने चेहरे शोधले त्यानेच तपासू नका, त्याला जे आधी दिसलं नाही ते नंतरही दिसणार नाही. दुसरं घ्या. बदललेल्या व्हिडिओतला प्रत्येक चेहरा आणि मूळ व्हिडिओतला त्याच जागेचा चेहरा, दोन्ही आर्कफेससारख्या चेहरा ओळखणाऱ्या मॉडेलला द्या आणि त्यांच्यातलं साम्य मोजा. किती साम्य म्हणजे जास्त, हा आकडा कुणाचा उसना घेऊ नका. तुमच्याच फुटेजमधून एकाच माणसाच्या वेगवेगळ्या फ्रेमच्या जोड्या काढा, वेगवेगळ्या माणसांच्या जोड्या काढा, आणि दोन्हींचं साम्य कुठून कुठपर्यंत जातं ते पाहा. नवा चेहरा मूळ चेहऱ्याशी दोन अनोळखी माणसांइतकाच मिळता असला पाहिजे. ही तुलना फक्त त्या एका माणसाशी न करता फुटेजमधल्या सगळ्या खऱ्या चेहऱ्यांशी करा. एखाद्या अनोळखी गिऱ्हाइकाला योगायोगाने तुमच्या संमती दिलेल्या विक्रेत्यासारखा चेहरा मिळाला, तर तो विक्रेता एकाच वेळी गाड्यामागे आणि गाड्यापुढे दिसेल. तसं झालं तर नवा चेहरा काढून घ्या.

यंत्राची तपासणी संपल्यावर निम्म्या वेगाने सगळं एकदा डोळ्यांनी पाहा, आणि पाहताना विक्रेत्यांकडे नाही, कडांकडे पाहा. आरशांकडे पाहा: उभ्या दुचाकीचा आरसा, शेजारच्या सलूनचा आरसा, काट्याचं चकचकीत पारडं.

आता आपल्याकडच्या चित्रणातल्या ज्या गोष्टी परदेशी साधनांच्या माहितीपत्रकात कधीच लिहिलेल्या नसतात त्या सांगतो.

चेहरा शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला जिवंत माणूस आणि फोटो यांतला फरक कळत नाही. मंडईत गाळ्यामागच्या भिंतीवर छत्रपती शिवाजी महाराजांचं चित्र असतं, बाबासाहेबांचा हार घातलेला फोटो असतो, गाळेवाल्याच्या गेलेल्या वडिलांचा फोटो असतो, आणि चौकात वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स असतो. तुम्ही सरसकट चेहरे बदला असा आदेश दिलात तर हे सगळे चेहरेही बदलतील. फ्लेक्सवर मोठा तयार झालेला अनोळखी चेहरा आणि खाली नाव मात्र खऱ्या पुढाऱ्याचं, हा नुसता विचित्रपणा झाला. पण भिंतीवर बाबासाहेबांच्या जागी भलताच चेहरा आला, तर ते विटंबना म्हणूनच पाहिलं जाईल, आणि तुम्ही कितीही सांगितलंत की यंत्राने केलं तरी लोकांनी ते का ऐकावं? मागोव्याच्या टप्प्यावरच असे सगळे स्थिर चेहरे हाताने वगळा. जागेवरून न हलणारे चेहरे सॉफ्टवेअरकडून वेगळे काढून घेता येतात, पण शेवटचा शिक्का माणसाचा हवा.

दुसरी गोष्ट कपाळाची. कापला जाणारा भाग सहसा कपाळ धरून असतो. त्यामुळे कुंकू जातं, टिकली जाते, वारकऱ्याचा बुक्का जातो, नथ अर्धी राहते, बुरख्याची कड चेहऱ्यात विरघळते, गांधी टोपीखाली भलतेच केस उगवतात. म्हाताऱ्या आजींच्या गालावरचं गोंदण जातं आणि त्या वीस वर्षांनी तरुण व थोड्या उजळ होतात. याचं कारण या मॉडेलना शिकवलेल्या चेहऱ्यांत आहे. डीपप्रायव्हसीसाठी सुमारे पावणेपंधरा लाख चेहरे फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावरून घेतले होते, आणि तिथे फोटो टाकणारं जग म्हणजे आपली मंडई नव्हे. मॉडेल जेव्हा अंदाज करतं तेव्हा त्याने जास्त पाहिलेल्या चेहऱ्यांकडे झुकतं. २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या एका साधनाला बराक ओबामा यांचा अगदी लहान, पुसट फोटो दिला तर त्यातून गोऱ्या माणसाचा चेहरा बाहेर आला, ते उदाहरण पुष्कळांनी पाहिलं असेल. ‘सर्वसाधारण’ चेहरा असं काही नसतं. तो कुणाच्या तरी सरासरीचा असतो.

याचा परिणाम एका चेहऱ्यात दिसत नाही, पूर्ण माहितीपटात दिसतो. मंडईत कोण येतं, कोणत्या वयाच्या, कोणत्या समाजाच्या बायका येतात, हे तुमच्या चित्रणातलं खरं दस्तऐवजी मूल्य आहे. पन्नास गिऱ्हाइकं अनामिक करताना ती सगळी थोडी तरुण, थोडी गोरी, बिनकुंकवाची आणि बिनबुरख्याची झाली, तर तुम्ही एकाही माणसाबद्दल खोटं न बोलता गर्दीबद्दल खोटं बोललात. म्हणून कापायचा भाग भुवयांपासून हनुवटीपर्यंतच ठेवता येतो का ते पाहा. कपाळ राखल्याने ओळखीचा धोका किंचित वाढतो, तो वरच्या साम्याच्या तपासणीत पकडता येतो. आणि काम झाल्यावर मूळ व बदललेली दहा-बारा दृश्यं शेजारी शेजारी लावून, ती मंडई रोज पाहणाऱ्या एखाद्या विक्रेत्याला दाखवा. ‘ही आमची गिऱ्हाइकं वाटत नाहीत’ हे तो तुमच्या आधी सांगेल.

आणि हेही लक्षात ठेवा, की चेहरा बदलल्याने माणूस फक्त अनोळखी लोकांपासून आणि यंत्रापासून लपतो. शेजारणीपासून लपत नाही. साडी, चाल, पिशवी, बरोबरचं मूल, दुचाकीचा नंबर यांवरून ओळखीचे लोक ओळखतातच. एखाद्या बघ्याला खरोखर धोका असेल, तर चेहरा बदलून भागणार नाही, तो शॉटच काढावा लागेल.

‘कुणाचेच नसलेले’ या शब्दांबद्दल एक सांगायला हवं. तयार केलेला चेहरा कुणाचाच नाही अशी हमी कुणी देऊ शकत नाही. मॉडेलने ज्या खऱ्या माणसांवरून शिक्षण घेतलं त्यांच्याशी जवळचं साम्य असलेले चेहरे अशा मॉडेलमधून बाहेर पडतात, हे संशोधकांनी दाखवलेलं आहे. ते सोडलं तरी योगायोगाने तो चेहरा कुणासारखा तरी असेलच. मंडईच्या दृश्यात त्याने नुकसान होत नाही. ‘तू टोमॅटो घेताना दिसलास’ यावर कुणी भांडत नाही.

हातगाडीच्या प्रसंगात मात्र नुकसान होतं.

तो प्रसंग फ्रेमसहित डोळ्यासमोर आणा. अतिक्रमण विभागाची गाडी उभी आहे, दोघे हातगाडी उचलताहेत, विक्रेता गाडीचा दांडा धरून काहीतरी सांगतोय. मागे आठ-दहा माणसं. त्यातला एक जण हसतोय, एक बाई तोंडावर पदर धरून उभी आहे, एक तरुण मोबाइलवर चित्रण करतोय. प्रेक्षक हा प्रसंग या चेहऱ्यांवरूनच वाचतो. लोक विक्रेत्याच्या बाजूचे होते का, घाबरले होते का, की हे रोजचंच म्हणून निर्विकार होते? पहिल्या पद्धतीने चेहरे बदललेत तर हे सगळे भाव मॉडेलच्या मनचे होतील. पदर धरलेल्या बाईच्या डोळ्यांत हलकं हसू येऊ शकतं. मग एक गरीब माणूस उद्ध्वस्त होताना लोक मजा बघत होते, असं तुमचा माहितीपट सांगेल, आणि ते कुणीही ठरवून केलेलं नसेल. दुसऱ्या पद्धतीने भाव राखलेत तर ओळख झिरपेल, आणि ज्यांना महापालिकेच्या माणसांसमोर दिसायचं नाही अशांचीच ती झिरपेल. आणि इथे योगायोगाचं साम्यही महागात पडतं. तयार केलेला चेहरा वॉर्डातल्या एखाद्या खऱ्या तरुणासारखा निघाला, तर ‘तू तिथे काय करत होतास’ हा प्रश्न त्याला विचारला जाईल, आणि तो तिथे नव्हताच.

याला कायद्याची बाजूही आहे. फेरीवाल्यांसाठीच्या २०१४ च्या कायद्यात कलम १९ प्रमाणे जप्त केलेल्या मालाची यादी करून तिची सहीची प्रत विक्रेत्याला द्यावी लागते. विक्रेत्याने मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामकाजी दिवसांत परत द्यायचा असतो. तुमच्या चित्रणात यादी दिली की नाही दिली, हे दिसत असेल. उद्या त्या विक्रेत्याने दाद मागितली तर हे चित्रण त्याच्या कामाचं आहे, आणि मागे उभे असलेले लोक हे त्याचे संभाव्य साक्षीदार आहेत. चेहरे बदललेली प्रत यूट्यूबवर आधीच फिरलेली असेल, तर समोरच्या वकिलाचा पहिला प्रश्न ठरलेला आहे: माणसं बदललीत, तर आणखी काय काय बदललंत? त्या प्रश्नाला खरं उत्तर असलं तरी ते देईपर्यंत शंका रुजलेली असते. पुढे पुढे तर खऱ्या चित्रणालाही ‘एआयचं आहे’ म्हणून उडवून लावणं सोपं होत जाणार आहे. तुम्ही स्वतः समोरच्या वकिलाच्या हातात हे हत्यार देऊ नका.

म्हणून या प्रसंगात बघ्यांना सपाट थर द्या आणि तो लपवू नका. पदर, हातातला मोबाइल, खांद्यांची ठेवण, मागे सरकलेली पावलं हे सगळं दिसू द्या. चेहऱ्याशिवायही गर्दी पुष्कळ बोलते. जिथे शक्य आहे तिथे फ्रेम कापून जवळ घ्या, म्हणजे हातगाडी, विक्रेता आणि कर्मचारी एवढंच राहील. कर्तव्यावर असलेले कर्मचारी बघे नाहीत. त्यांनी सार्वजनिक अधिकार वापरलाय, त्यांचे चेहरे झाकायचे की नाही हा वेगळा निर्णय आहे, पण ते कुठल्याही परिस्थितीत बदलायचे नाहीत.

हेतू चांगला असूनही हे कसं उलटतं, याचं एक उदाहरण सर्वांसमोर आहे. कोलंबियात २०२१ मध्ये झालेल्या आंदोलनातल्या पोलिसी अत्याचारांबद्दल ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०२३ मध्ये एआयने तयार केलेली चित्रं वापरली. आंदोलकांची ओळख उघड होऊ नये, हे त्यांनी दिलेलं कारण होतं. चित्रांवर तसं लिहिलेलंही होतं. तरी एका चित्रात राष्ट्रध्वजाच्या रंगांचा क्रम चुकला होता आणि पोलिसांचा गणवेश जुना होता. टीका इतकी झाली की चित्रं मागे घ्यावी लागली. अत्याचार खरे होते, त्यांची खरी छायाचित्रंही होती, आणि तरी चर्चा झाली ती चित्रांच्या खरे-खोटेपणाची. तिथे पूर्ण चित्रच बनावट होतं, तुमचे फक्त चेहरे असतील, हा फरक आहे. पण संशय घेणारा प्रेक्षक तो फरक करत बसत नाही.

उलट बाजूचं उदाहरणही आहे. चेचन्यातल्या समलिंगी लोकांच्या छळावर डेव्हिड फ्रान्स यांनी २०२० मध्ये केलेल्या माहितीपटात, जीव वाचवून पळणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर दुसऱ्यांचे चेहरे बसवले होते. त्यांनी तीन गोष्टी नीट केल्या. चेहरे यंत्राने कल्पनेतून काढलेले नव्हते, स्वेच्छेने आपला चेहरा देणाऱ्या खऱ्या माणसांचे होते. भाव मूळ माणसाचेच राखले होते. आणि बदललेल्या चेहऱ्यांच्या कडा मुद्दाम किंचित पुसट ठेवल्या होत्या, म्हणजे कुणाचा चेहरा झाकलाय हे प्रत्येक क्षणी दिसत राहावं. सुरुवातीलाच प्रेक्षकाला तसं सांगितलंही होतं. त्यांच्याकडे मोठं तंत्रज्ञांचं पथक होतं आणि ज्यांना झाकायचं ते लोक स्वतः सहमत होते. तुमच्या बघ्यांच्या बाबतीत यातलं काहीच नाही. तरी शेवटची गोष्ट, कडा दिसू देणं, तुम्ही नक्की उचलू शकता. नवा चेहरा इतका बेमालूम बसवू नका की तुम्हालाच नंतर ओळखता येणार नाही. त्याचा तपशील थोडा कमी ठेवा, कडा मऊ ठेवा.

आता सांगण्याबद्दल. हो, सांगावं लागेल, आणि फक्त शेवटच्या श्रेयनामावलीत सांगून भागत नाही, कारण ती कुणी वाचत नाही. सुरुवातीला पाटी हवी. ती साधारण अशी असावी: ‘मंडईतल्या दृश्यांत मागे दिसणाऱ्या काही व्यक्तींचे चेहरे त्यांच्या खासगीपणासाठी संगणकाने तयार करून बदलले आहेत. विक्रेते, कर्मचारी, आवाज आणि घटना बदललेल्या नाहीत. हातगाडी जप्तीच्या प्रसंगात चेहरे झाकले आहेत, बदललेले नाहीत.’ काय बदललं यापेक्षा काय बदललं नाही हे नेमकं लिहिणं जास्त महत्त्वाचं आहे, कारण प्रेक्षकाला भीती त्याची असते. ‘हे चेहरे कुणाचेही नाहीत’ असं मात्र लिहू नका, त्याची हमी तुमच्याकडे नाही.

पण तुमचा माहितीपट पूर्ण पाहणाऱ्यांपेक्षा त्यातली वीस सेकंदांची क्लिप व्हॉट्सॲपवर पाहणारे जास्त असतील, आणि क्लिपबरोबर सुरुवातीची पाटी जात नाही. म्हणून ज्या दृश्यांत चेहरे बदललेत त्या प्रत्येक दृश्यात कोपऱ्यात ‘मागील चेहरे बदललेले’ अशी छोटी ओळ ठेवा, चित्रातच कायमची उमटवलेली. फाइलच्या आतही नोंद करा. वृत्तछायाचित्रांच्या जगात यासाठी ठरलेली संज्ञा आहे, ती फाइलमधल्या नोंदी लिहिणाऱ्या एक्झिफटूल या साधनाने अशी घालता येते:

```
exiftool -XMP-iptcExt:DigitalSourceType="http://cv.iptc.org/newscodes/digitalsourcetype/compositeWithTrainedAlgorithmicMedia" mandai_final.mp4
```

ही नोंद व्हॉट्सॲपवरून गेली की सहसा पुसली जाते, म्हणून चित्रातली ओळ काढून हिच्यावर विसंबू नका. एखादी वृत्तवाहिनी तुमची मूळ फाइल मागेल तेव्हा ही उपयोगी पडते. काही वृत्तसंस्थांच्या नियमांत तर अशा चित्रणाला जागाच नाही. असोसिएटेड प्रेस छायाचित्रात काही घालणं, काढणं किंवा चेहरा झाकणंसुद्धा मान्य करत नाही. म्हणून बातमीसाठी क्लिप द्यायची वेळ आली तर ज्यात बघे मुळातच दिसत नाहीत असे शॉट आत्ताच वेगळे काढून ठेवा.

शेवटी मूळ फुटेज. सगळी मेहनत करून खरे चेहरे एका हार्ड डिस्कवर तसेच असतात, आणि ती डिस्क तुमच्या गटातल्या कुणाच्या तरी कपाटात असते. बघ्यांना दिलेला शब्द त्या डिस्कइतकाच मजबूत आहे. चेहरे बदलायला सुरुवात करण्याआधी मूळ फायलींचे हॅश काढा, म्हणजे फाइलमधलं काहीही बदललं की बदलणारी अक्षर-आकड्यांची खूण:

```
sha256sum raw/*.MOV > raw_hash.txt
```

ही यादी डिस्कपासून वेगळी, शक्यतो स्वतःलाच ईमेल करून ठेवा, म्हणजे तारीखही नोंदली जाते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर जे प्रमाणपत्र द्यावं लागतं त्यात हॅश मागतात, आणि पहिल्या दिवसापासून तो तोच आहे हे दाखवता आलं तर ‘आणखी काय बदललंत’ या प्रश्नाला तुमच्याकडे कागदावरचं उत्तर असतं. डिस्क पासवर्डने कूटबद्ध करा, आणि चेहरे बदलण्याच्या कामासाठी मूळ फायली कुठल्याही ऑनलाइन सेवेवर चढवू नका. हे सगळं चांगल्या ग्राफिक कार्डाच्या संगणकावर घरीच होतं.

मग मूळ फुटेजचे दोन भाग करा. मंडईच्या रोजच्या दृश्यांचं मूळ तुम्हाला माहितीपट पूर्ण झाल्यावर लागणार नाही. अंतिम प्रत आणि तपासणी झाली की ते कधी पुसायचं याची तारीख आत्ताच गटात ठरवून लिहून ठेवा. हातगाडीच्या प्रसंगाचं मूळ पुसू नका. त्या विक्रेत्याला भेटा, असं चित्रण आमच्याकडे आहे हे सांगा, आणि त्याला हवं असेल तर हॅशसकट न बदललेली प्रत त्याच्या वकिलाकडे किंवा फेरीवाला संघटनेकडे द्या. त्या प्रतीत बघ्यांचे चेहरे उघडे असतील, म्हणून ती फक्त दाद मागण्यासाठी वापरायची आणि कुठेही टाकायची नाही, एवढं लेखी घ्या.